‘सुरक्षित’ या शिक्क्याच्या मर्यादा

१. प्रास्ताविक

जालना जिल्ह्यातील अनेक शेतकरी सौर कृषिपंपासाठी ऑनलाइन अर्ज करतात. पंपाच्या किमतीपैकी सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. ही रक्कम लुबाडण्यासाठी पीएम-कुसुम योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळे निघाली. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने त्यांपैकी काहींची नावे जाहीर करून लोकांना सावध केले. अशा स्थळावर ब्राउझरचे एक्स्टेन्शन हिरवी खूण दाखवू शकेल काय, हे आपण पाहू.

२. शिक्का कसा ठरतो?

अशी साधने मुख्यतः पत्त्याची तुलना घातक स्थळांच्या यादीशी करतात. काही साधने स्थळाचे वय आणि वापरकर्त्यांचे अभिप्रायही पाहतात. म्हणजे शिक्का पत्त्याच्या पूर्वेतिहासावर बेततो. कालच निघालेल्या स्थळाला इतिहासच नसतो. गूगलने मार्च २०२४ मध्ये सांगितले, की घातक स्थळ सरासरी १० मिनिटांहूनही कमी काळ टिकते, तर संगणकावरील यादी ३० ते ६० मिनिटांनी अद्ययावत होत असे. म्हणून त्यांनी यादीची तत्काळ तपासणी सुरू केली. तरीही जे स्थळ कोणाच्याच नजरेस आलेले नाही, ते त्या यादीतही नसते. ‘तक्रार आढळली नाही’ आणि ‘धोका नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत; हिरवी खूण फार तर पहिले विधान करते.

३. एक उदाहरण

मंत्रालयाने जाहीर केलेल्या बनावट नावांपैकी एक पाहा:

`kusumyojanaonline.in.net`

पत्ता उजवीकडून वाचावा. शेवट `.net` असा आहे. मधला `in` भारताची खूण वाटतो, पण येथे तो तशी खूण नाही. आता महाऊर्जाचा पत्ता पाहा:

`kusum.mahaurja.com`

हा पत्ता खरा असूनही `.gov.in` ने संपत नाही. म्हणजे केवळ शेवटावरूनही निर्णय करता येत नाही. कुलपाच्या चिन्हाचेही तसेच आहे: माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते, ती कोणाच्या हाती पोचते, हे सांगत नाही.

शिक्का ज्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, तो प्रश्न असा: हे स्थळ कोणाचे? त्याचे उत्तर स्थळाबाहेर शोधावे लागते. संदेशातील दुव्यावर न जाता महाऊर्जा किंवा महावितरणच्या कार्यालयातून पत्ता घ्यावा, तो स्वतः टंकावा आणि अक्षर न् अक्षर ताडून मगच रक्कम भरावी. तांबडी खूण मात्र गांभीर्याने घ्यावी. तेथे थांबून चौकशी करावी.

४. स्वाध्याय

१. नव्या बनावट स्थळास हिरवी खूण का मिळू शकते?
२. ‘तक्रार आढळली नाही’ आणि ‘धोका नाही’ यांतील अर्थभेद उदाहरणासह स्पष्ट करा.