महिनाअखेरचा निफ्टी आणि दहा महिन्यांची सरासरी

नियम एका ओळीत मावतो. महिन्याच्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवशी निफ्टी ५० कितीवर बंद झाला ते बघायचं. तो आकडा आणि आधीचे नऊ महिनाअखेरचे आकडे मिळून दहांची सरासरी काढायची. निफ्टी सरासरीच्या वर असेल तर इंडेक्स फंडात राहायचं, खाली असेल तर पैसे काढून लिक्विड फंडात ठेवायचे. मेबेन फेबर या अमेरिकन गुंतवणूकदाराने २००७ मध्ये एका लेखात हा नियम मांडला आणि तो जगभर पसरला. हिंजवडीत एक्सेल शीट दिसली की सूत्र टाकल्याशिवाय कुणाला राहवत नाही, त्यामुळे फेज वनच्या टपरीवर चहा पिता पिता या सरासरीवर वाद घालणारे चार जण कधीही भेटतात. मी त्यातलाच एक. या वादांतून आणि स्वतः आकडे मांडून जे हाती लागलं ते असं.

१. शीट चार रकान्यांची पुरे.

तारखा A मध्ये, महिनाअखेरचे बंद भाव B मध्ये. C मध्ये सरासरी आणि D मध्ये निर्णय:

```
C11: =AVERAGE(B2:B11)
D11: =IF(B11>C11,"राहा","बाहेर")
```

यापेक्षा जास्त काही नाही. एनएसईच्या संकेतस्थळावर जुने आकडे फुकट मिळतात. फक्त एक व्यावहारिक अडचण लक्षात ठेवावी. बाजार साडेतीनला बंद होतो आणि म्युच्युअल फंडाची त्या दिवशीच्या भावाची मुदत तीनला संपते. म्हणजे महिनाअखेरचा निर्णय कळतो तेव्हा त्या दिवसाचा भाव हातातून गेलेला असतो. व्यवहार पुढच्या कामकाजाच्या दिवशीच होणार. खाली मी सोपेपणासाठी महिनाअखेरचेच भाव धरले आहेत, लाभांशही सोडून दिला आहे.

२. हा नियम लांबलेल्या पडझडीसाठी आहे.

याचं सगळं नाव झालं ते २००८ मुळे. त्या जानेवारीत निफ्टी ६,२८७ पर्यंत गेला होता. महिनाअखेरीला तो ५,१३७ वर आला, तरी सरासरी ४,९६६ होती, म्हणून नियम म्हणाला, राहा. फेब्रुवारीतही तेच. मार्चअखेर निफ्टी ४,७३४ आणि सरासरी ५,१२३. तेव्हा कुठे बाहेर पडायचा कौल आला. म्हणजे शिखरापासून जवळपास पाव रक्कम गेल्यावर. शिखरावर विकायला मिळेल अशी ज्याची अपेक्षा आहे त्याची इथेच निराशा होते.

पण पुढचे तेरा महिने हा नियम बाहेरच राहिला. ऑक्टोबर २००८ अखेर निफ्टी २,८८५ वर होता. परत आत यायचा कौल आला तो एप्रिल २००९ अखेर, निफ्टी ३,४७४ असताना. ४,७३४ ला विकून ३,४७४ ला घेतले, तर तेवढ्याच पैशात ३६ टक्के जास्त युनिट हातात येतात. शिवाय १८ मे २००९ ला, लोकसभेच्या निकालानंतरच्या सोमवारी, निफ्टी एका दिवसात सतरा टक्क्यांहून जास्त वर गेला, तेव्हा आपण आत होतो. हा शेवटचा भाग निव्वळ नशिबाचा. निकाल महिनाभर आधी लागला असता तर ती उडी आपण बाहेरून बघितली असती.

सरासरीला भविष्य कळत नाही. घसरण वर्षभर रेंगाळली तर सरासरी सावकाश मागोमाग येते, आणि त्या सावकाशीतही आपला फायदा उरतो. घसरण झटपट आटोपली तर काय होतं, ते पुढच्या मुद्द्यात.

३. २०२० मध्ये नियमाने झोप वाचवली, पैसे फारसे नाही.

हे मी कुणाला सांगितलं की आधी विश्वास बसत नाही, म्हणून आकडे सविस्तर देतो. शुक्रवार, २८ फेब्रुवारी २०२०. निफ्टी ११,२०२ वर बंद, दहा महिन्यांची सरासरी ११,६५९. कौल स्पष्ट: बाहेर. पुढच्या तीन आठवड्यांत काय झालं ते सगळ्यांना आठवतं. आयटी पार्क ओस पडलं, लॅपटॉप घरी आले आणि २३ मार्चला निफ्टी ७,६१० वर आला. नियम पाळणारा त्या दिवशी लिक्विड फंडात निवांत होता. टपरीवरच्या वादात तो इथेच थांबतो आणि जिंकतो.

पण त्याला विचारा, परत कधी घेतलेस? मार्चअखेर ८,५९८, एप्रिल ९,८६०, मे ९,५८०, जून १०,३०२. या सगळ्या काळात सरासरी वरच होती, कारण तिच्या पोटात अजून २०१९ चे बारा हजाराच्या आसपासचे आकडे होते. जूनअखेर सरासरी होती १०,९०८. आत यायचा कौल मिळाला ३१ जुलैला: निफ्टी ११,०७३, सरासरी १०,८६८.

विकले ११,२०२ ला, घेतले ११,०७३ ला. इतकी मोठी पडझड आणि पदरात पडला जेमतेम एक टक्का. डोळे झाकून बसून राहिलेला शेजारी जुलैअखेर जवळजवळ त्याच जागी होता.

तरीही हे फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. त्या एप्रिलमध्ये पगारकपातीच्या आणि बेंचवर बसवल्याच्या बातम्या रोज येत होत्या. आयटीत काम करणाऱ्याची नोकरी आणि त्याचा पोर्टफोलिओ एकाच वेळी आजारी पडतात. अशा वेळी घाबरून ७,६०० ला विकून मोकळे झालेले लोक होते, आणि त्यांच्यापेक्षा ११,२०२ ला विकणारा कितीतरी बरा. या निवांतपणाची किंमत ज्याला मोजता येते त्याने जरूर मोजावी, फक्त तिला परतावा म्हणू नये.

४. हुलकावणीचा हिशोब त्याच वहीत मांडावा.

२०२० ची गोष्ट सांगणारे त्याच्या आधीचं वर्ष विसरतात. ३१ जुलै २०१९ ला निफ्टी ११,११८ आणि सरासरी ११,१९५. फक्त ७७ अंकांनी खाली, पण नियम म्हणजे नियम: बाहेर. ऑगस्टअखेर ११,०२३, अजून बाहेर. मग २० सप्टेंबरला अर्थमंत्र्यांनी कंपनी करात कपात जाहीर केली आणि निफ्टी त्या एका दिवसात पाच टक्क्यांहून अधिक वर गेला. सप्टेंबरअखेर ११,४७४, सरासरी ११,३१८, आत या. ११,११८ ला विकलेलं ११,४७४ ला परत घ्यायचं, म्हणजे युनिट तीन टक्क्यांनी कमी.

दोन्ही घटना जोडल्या तर २०१९ मध्ये तीन गेले, २०२० मध्ये एक आला. लिक्विड फंडाचं व्याज धरलं तर जेमतेम बरोबरी. म्हणून कुणी हा नियम विकायला आला तर त्याला ‘मार्च २०२० मध्ये काय झालं’ हे न विचारता ‘जुलै २०१९ ते जुलै २०२० सलग दाखव’ असं सांगावं. हुलकावणी ओळखायची खूणही आहे: निफ्टी सरासरीच्या एखाद्या टक्क्याच्या आत घुटमळत असेल तर तो कौल नाणेफेकीइतकाच पक्का समजावा. काही जण म्हणूनच दोन टक्क्यांची फट ठेवतात. त्याने हुलकावण्या कमी होतात, पण खरी घसरण आली की बाहेर पडायला तेवढा उशीर होतो.

५. दहाचे सहा करून बघण्याचा मोह.

हा मोह आम्हा कोड लिहिणाऱ्यांना जरा जास्तच. सूत्रात `B2` चं `B6` केलं की सहा महिन्यांची सरासरी तयार. आणि २०२० साठी ती फारच देखणी दिसते: फेब्रुवारीत त्याच ११,२०२ ला बाहेर, पण जूनअखेर सरासरी १०,२५१ वर उतरलेली असल्यामुळे १०,३०२ लाच आत. एका टक्क्याच्या जागी जवळपास नऊ टक्के! माझ्या टीममधल्या एका मुलाने हे शोधून काढलं तेव्हा तो दुपारभर हवेत होता.

मी त्याला म्हटलं, “आता तीच शीट २०१९ वर चालव.” तिथे सहा महिन्यांची सरासरी सप्टेंबरअखेर ११,५१३ निघते, म्हणजे ११,४७४ चा निफ्टी अजून खालीच. आत यायला ऑक्टोबरअखेर ११,८७७ उजाडले. तीनाच्या जागी सुमारे साडेसहा टक्के गेले. “दादा, मग सात महिन्यांची बघू का?” असं त्याने विचारलं. बघेल तितके आकडे मिळतील, आणि मागच्या काळाला नेमका बसणारा एक कुठेतरी सापडेलच. पुढच्या घसरणीला तो आकडा माहीत नसतो.

६. कर सरासरीला दिसत नाही.

समजा फंडात १० लाख आहेत, त्यातले ४ लाख नफा, आणि सगळे युनिट वर्षापेक्षा जुने. जुलै २०२४ पासूनच्या दराने वर्षाला सव्वा लाखाचा दीर्घकालीन नफा माफ, उरलेल्या २.७५ लाखांवर १२.५ टक्के, वर ४ टक्के सेस: ३५,७५० रुपये. ही रक्कम दहा लाखांच्या साडेतीन टक्क्यांहून जास्त होते. म्हणजे निफ्टी तेवढा खाली परत मिळाला तरच आपण आधीइतके युनिट घेऊ शकतो. २०२० च्या एका टक्क्याशी ताडून बघा. हा कर कधीतरी भरायचाच होता हे खरं, परत घेतलेल्या युनिटची खरेदी किंमतही वाढलेली असते. पण आज दिलेला पैसा पुढे वाढत नाही. आणि परत आत आल्यावर वर्षाचं घड्याळ नव्याने सुरू होतं. दहा महिन्यांत पुन्हा बाहेर पडायचा कौल आला तर नफ्यावर थेट २० टक्के.

ज्यांच्या कंपनीत एनपीएस आहे त्यांना इथे एक फट मिळते: खात्याच्या आत इक्विटीतून सरकारी रोख्यांकडे वळताना कर लागत नाही. पण असा बदल वर्षातून मोजक्याच वेळा करता येतो, म्हणून २०१९ सारखं वर्ष तिथेही महाग पडू शकतं.

७. सगळ्या पैशाला एक नियम लावू नये.

एसआयपीला तो मी लावत नाही. दर महिन्याला येणारा पैसा स्वस्तात जास्त युनिट घेतो हाच तिचा उपयोग, आणि २०२० चे एप्रिल, मे, जून हे तीन हप्ते सरासरीने नेमके अडवले असते. वीस वर्षांनी लागणाऱ्या रकमेलाही लावत नाही. तिथे कर आणि हुलकावण्या मिळून नियमाचा फायदा खाऊन टाकतात. कंपनीकडून मिळालेल्या शेअरला तर मुळीच नाही. एका शेअरची वाईट बातमी एका सकाळीत येते, महिनाअखेरीची वाट बघत नाही.

उरतो तो मधला पैसा. मारुंजीत किंवा माणला तीन-चार वर्षांत फ्लॅट घ्यायचा आहे, त्याचं डाऊन पेमेंट इक्विटीत वाढलेलं आहे, आणि २००८ सारखं वर्ष आलं तर ताबा आणि हप्ता दोन्ही अडतील. खरं तर असा पैसा इक्विटीत कमीच असावा. पण असेलच, तर त्याच्यासाठी दोन-चार टक्क्यांचा हप्ता भरून घेतलेला विमा म्हणून ही सरासरी मला पटते. त्या मुलानेही शेवटी तेवढ्याच रकमेपुरती शीट ठेवली, आणि सहाचे परत दहा केले.