पोट साफ व्हायला किती खर्च येतो? वाशीतल्या एका वहीचा हिशेब

चूर्णाची बाटली, जुलाबाची गोळी, मग पुन्हा चूर्ण. बद्धकोष्ठतेवर तुमचा पैसा बहुधा असाच जात असणार. वाशीत घरीच शिलाईकाम करणाऱ्या चाळिशीतल्या एका ताईंचाही बरीच वर्षं असाच जात होता, महिन्याला अडीचशेच्या आसपास. मग त्यांनी तीन महिने वही ठेवली. नाव त्यांनी छापू दिलं नाही, वही मात्र दाखवली. दर तिच्यातलेच आहेत, तुमच्या दुकानात थोडे इकडेतिकडे होतील.

आधी डॉक्टर, मग उपाय

ग्रामीण रुग्णालयात सकाळी लवकर जा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर आणि तपासणीला पैसे लागत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना मात्र हा निर्णय लागू नाही. नोंदणीसाठी आधार कार्ड आणि मोबाईल जवळ ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. लोह, कॅल्शियम, काही पित्तशामकं आणि खोकल्याची काही औषधंही शौच घट्ट करतात. ताईंच्या पिशवीत लोहाची गोळी निघाली. डॉक्टरांनी ती बंद केली नाही, एक दिवसाआड करून दिली. हा बदल तुम्ही मनानं करू नका. हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड या तपासण्या तिथेच होतात का, ते विचारा. बाहेर एकट्या टीएसएचला दोनतीनशे रुपये पडतात. तिथे ‘पूर्ण पॅकेज’ घेण्याची गरज नाही.

शौचातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, पन्नाशीच्या आसपास नव्यानेच सुरू झालेली तक्रार, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, यांतलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टरांना आधी तेच सांगा. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पहिला आठवडा: फक्त लिहायचं

वहीत चार रकाने आहेत: वेळ, कुंथावं लागलं का, शौच कसं झालं, आणि काय घेतलं. तिसऱ्या रकान्यात ताईंचे स्वतःचे शब्द आहेत: ‘लेंड्या’, ‘भेगाळ’, ‘मऊ’, ‘पातळ’. डॉक्टरांचा सात प्रकारांचा तक्ता वेगळं काही सांगत नाही. पहिल्या आठवड्याच्या नोंदीत चूर्णाची रात्र, दुसऱ्या दिवशी ‘पातळ’ दोनदा, मग दोन दिवस कोरे आणि पुन्हा चूर्ण असा क्रम आहे.

पैसे खाणारी खरी गोम इथेच आहे. जुलाबानं आतडं बरंच रिकामं होतं. ते भरायला दोनेक दिवस लागतात, त्यामुळे तेवढे दिवस शौचाला न होणं साहजिक असतं. पण माणूस घाबरतो, ‘परत अडलं’ म्हणून पुन्हा डोस घेतो, आणि बाटली संपत राहते. ‘आयुर्वेदिक’ लिहिलेल्या डब्यामागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला हलवणारं औषधच आहे. अधूनमधून चालते, पण रोज जास्त घेतली तर पोटात मुरडा येतो आणि शरीरातले क्षारही कमी होतात.

दुसरा-तिसरा आठवडा: वेळ आणि बैठक

वहीतून दुसरी गोष्ट निघाली. कळ सकाळी नऊच्या सुमाराला यायची, नेमकी गिऱ्हाइकं दारात असताना, आणि ताई ती दाबायच्या. दाबलेली कळ निघून जाते, मल आतच राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो कडक होतो. पोटात काही गेलं की आतडं हलतं, त्यातही सकाळी जास्त. म्हणून चहा किंवा नाश्ता झाल्यावर जाऊन बसायचं, कळ असो वा नसो. दहा मिनिटांच्या वर नाही, आणि मोबाईल बाहेर.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी त्यांच्या घरी कमोड बसवलेला आहे. त्यासमोर वीतभर उंचीचं प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं, दीडशे रुपये. पाय त्यावर, गुडघे कमरेपेक्षा वर, अंग थोडं पुढे. भारतीय बैठक असेल तर हाही खर्च नाही. पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडला नाही. बरेच जण इथेच सोडतात.

चौथा-पाचवा आठवडा: ताट

हिवाळा होता. करडईची, मेथीची भाजी आणि बियांसकट पेरू बाजारात स्वस्त होते. दुकानदार फायबरचा महाग डबा दाखवेल, पण शंभर ग्रॅम पेरूत आठेक ग्रॅम तंतू असतात. गव्हाचं पीठ बारीक चाळणीनं चाळणं ताईंनी थांबवलं. भाकरी की पोळी या वादात पडू नका, कोंड्यासकट दोन्हींतले तंतू जवळपास सारखेच. फरक पडतो तो मैदा आणि पांढऱ्या भातानं.

पण त्यांनी सगळं एकदम वाढवलं. वहीत सलग चार दिवस ‘पोट फुगलं, गॅस’ लिहिलंय. प्रमाण निम्म्यावर आणून दर आठवड्याला थोडं थोडं वाढवल्यावर ते थांबलं. नुसत्या पाण्यानं फारसं होत नाही, तंतूंसोबत पाणी हवं. ताई दुपारपर्यंत दोन कप चहावर असायच्या. मग शिलाई मशीनशेजारी लिटरची बाटली आली.

सहाव्यापासून: इसबगोल आला, चूर्ण गेलं

रात्री एक सपाट मोठा चमचा, साधारण पाच ग्रॅम, ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच पिऊन टाकायचं, वर आणखी पाणी. कोरडं गिळू नका, घशात फुगून अडकतं. गिळायला त्रास होत असेल तर घेऊच नका. इतर गोळ्यांत आणि यात दोन तासांचं अंतर ठेवा. परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात. साधी भुशी शंभर ग्रॅमला दीडशेच्या आसपास. संत्र्याच्या स्वादाच्या डब्यात साखर मिसळलेली असते, म्हणून मधुमेह्यांनी मागची बाजू वाचावी आणि इतरांनी इसबगोलाचे ग्रॅम मोजून भाव करावा.

चूर्ण आधी एक दिवसाआड केलं, मग बंद. तीन दिवस सलग कोरे गेले तरच डॉक्टरांनी लिहून दिलेलं लॅक्टुलोज घ्यायचं, एवढीच सूट. तेही एकदोन दिवसांनी काम करतं, दुसऱ्या सकाळीच डोस वाढवू नका.

बाराव्या आठवड्यात पाच दिवस ‘मऊ’, कुंथण्याच्या रकान्यात फुल्या. दोन दिवस कोरे, आणि ते चालतं, कारण दिवसाआड झालं तरी त्रास नसेल तर ती बद्धकोष्ठता नव्हे. तीन महिन्यांचा खर्च: इसबगोल साडेचारशे, स्टूल दीडशे, लॅक्टुलोजची एक बाटली दीडशेच्या आत. एकूण साडेसातशेच्या आत, म्हणजे चूर्णावर जायचे जवळपास तेवढेच. पुढच्या तिमाहीत खर्च फक्त इसबगोलाचा. तोही कमी करून पाहता येतो.

इथे पैसे घालू नका

‘पोट डिटॉक्स’ची पाकिटं, आतडी धुण्याचे कोर्स, आणि ‘बिना ऑपरेशन मूळव्याध’च्या ज्या पाट्यांवर डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक नसतो ते दवाखाने. धोक्याची लक्षणं नसताना दुर्बिणीच्या तपासणीचीही सहसा गरज नसते, आणि खासगीत तिला काही हजार लागतात. कुणी सुचवली तर कशासाठी, ते विचारा.

हा उपाय सगळ्यांना लागू पडत नाही. मल खाली आलेला जाणवतो पण बाहेर पडत नाही, बोट घालावं लागतं, असं असेल तर दोष बहुधा गुदद्वाराभोवतीच्या स्नायूंत असतो. अशा वेळी इसबगोल वाढवत गेलात तर पोट फक्त फुगेल. वही घेऊन मोठ्या शहरातल्या पोटविकारतज्ज्ञाकडे जा आणि गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजणारी तपासणी तिथे होते का, ते जाण्याआधी फोनवर विचारा.