रात्री फिरणारा काटा

(पाण्याचा पाइप जमिनीखाली फुटला, तर तो डोळ्यांना दिसत नाही. पण घराचा पाण्याचा मीटर ही गळती दाखवू शकतो. ती रात्री कशी ओळखावी, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुमच्या घरी पाण्याचा मीटर असेल, तर तो एकदा नीट पाहा. रस्त्याखालच्या मोठ्या नळातून एक लहान पाइप तुमच्या घराकडे येतो. त्या पाइपावर, फाटकाजवळ किंवा भिंतीला लागून, हा मीटर बसवलेला असतो. घरात येणारे नळाचे सगळे पाणी त्याच्या पोटातून जाते. पाणी वाहू लागले, की मीटरच्या आतले लहान चक्र फिरते आणि तबकडीवरचे आकडे व काटे पुढे सरकतात.

तबकडीवर एका ओळीत काळे आकडे असतात. ते घनमीटर दाखवतात. एक घनमीटर म्हणजे १००० लीटर. बिलात यालाच बहुधा एक युनिट म्हणतात. काळ्या आकड्यांशिवाय, बऱ्याच मीटरांवर लाल काट्यांची चार छोटी वर्तुळे असतात. त्यांच्याजवळ ०.१, ०.०१, ०.००१ आणि ०.०००१ असे लिहिलेले असते. आपल्याला शेवटची दोन वर्तुळे महत्त्वाची आहेत. ०.००१ च्या वर्तुळात काटा एक घर पुढे गेला, म्हणजे एक लीटर पाणी गेले. ०.०००१ च्या वर्तुळात काट्याने पूर्ण फेरी मारली, म्हणजे एक लीटर पाणी गेले. काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल, तर मागचा आकडा वाचावा.

समजा, काळे आकडे ६४२ आहेत आणि पहिले तीन लाल काटे ३, १ आणि ८ वर आहेत. मग नोंद झाली ६४२.३१८ घनमीटर. काही मीटरांत लाल काट्यांच्या जागी लाल आकडे असतात. तेही असेच वाचावेत.

आता एक घर डोळ्यांपुढे आणू. हे घर अशा वस्तीत आहे, की जिथे नळाला चोवीस तास पाणी असते. घरात सहा माणसे आहेत. फाटकाजवळ मीटर आहे. तिथून बारा मीटर लांबीचा लोखंडी पाइप अंगणाच्या मातीखालून घराच्या भिंतीपर्यंत येतो. भिंतीपाशी एक व्हॉल्व्ह आहे. त्यापुढे एक फाटा स्वयंपाकघराच्या नळाला आणि दुसरा गच्चीवरच्या टाकीला जातो.

या घराला दर महिन्याला १८ युनिटे पाणी लागत असे. एका महिन्यात बिल ३३ युनिटांचे आले. घरात कोणी पाहुणे नव्हते. कुठलाही नळ गळत नव्हता. अंगणही कोरडे होते. अब्बा म्हणाले, “मीटरच बिघडला असेल.” अम्मीची तक्रार वेगळीच होती. दुरुस्तीसाठी वस्तीचे पाणी काही तास बंद ठेवले, की नंतर येणारी पहिली बादली गढूळ असे आणि तिला वास येई. “पाणी तिकडूनच घाण येत असेल,” असे ती म्हणे.

नववीत शिकणारी मुलगी म्हणाली, “अब्बा, आपण आज रात्री मीटर वाचून पाहू या.”

रात्रच का? एक तर रात्री घरात कोणी पाणी वापरत नाही. त्या वेळी मीटर थांबलेला असायला हवा. दुसरे असे, की रात्री सगळ्या वस्तीतच पाण्याचा वापर कमी होतो. त्यामुळे पाइपातला दाब वाढतो आणि लहान भोकातूनही पाणी जोराने बाहेर पडते. दिवसा लपलेली गळती रात्री अधिक स्पष्ट होते.

झोपण्यापूर्वी त्यांनी गच्चीवरची टाकी पूर्ण भरू दिली. टाकीत पाण्यावर तरंगणारा चेंडू असतो. टाकी भरली, की तो वर येतो आणि पाणी बंद करतो. त्याला बॉलकॉक म्हणतात. बॉलकॉक नीट बंद होत नसेल, तर टाकीत पाणी जात राहते आणि मीटर फिरतो. ती जमिनीखालची गळती नव्हे. म्हणून त्यांनी टाकीकडे जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्हही बंद केला. आता रात्री कोणी उठून टाकीचे पाणी वापरले, तरी मीटरला त्याचा पत्ता लागणार नव्हता. स्वयंपाकघरातला नळ कोणी उघडायचा नाही, असेही ठरले.

रात्री ११ वाजता नोंद होती ६४२.३१८. पहाटे ५ वाजता नोंद झाली ६४२.४६२. दोन्ही नोंदींत ०.१४४ घनमीटरचा, म्हणजे १४४ लीटरचा फरक पडला. सहा तासांत १४४ लीटर, म्हणजे तासाला २४ लीटर. दिवसाचे ५७६ लीटर झाले आणि तीस दिवसांचे १७ युनिटांहून थोडे जास्त. बिल मात्र १५ युनिटांनीच वाढले होते. या फरकाचे कारण तुमच्या लक्षात आले असेल. दिवसा दाब कमी असतो, म्हणून गळतीही कमी होते. सहा माणसे जेवढे पाणी वापरत होती, जवळजवळ तेवढेच मातीत जात होते.

दुसऱ्या रात्री मुलगी बॅटरी घेऊन मीटरपाशी बसली. तिने घड्याळ लावून पाच मिनिटे ०.०००१ चा काटा पाहिला. काट्याने दोन फेऱ्या मारल्या. पाच मिनिटांत दोन लीटर, म्हणजे तासाला २४ लीटर. हिशेब जुळला. काटा कुठेही न थांबता एकाच गतीने फिरत होता. हीच गळतीची खूण आहे. कोणी नळ उघडला, तर काटा एकदम जोराने फिरतो आणि नळ बंद झाला, की थांबतो. गळतीला मात्र थांबणे माहीत नसते.

आता पाणी कुठे जाते, हे शोधायचे होते. अब्बांनी भिंतीपाशी असलेला व्हॉल्व्ह बंद केला. समजा, यानंतर काटा थांबला असता, तर गळती घराच्या आत आहे, असे ठरले असते. पण काटा तसाच फिरत राहिला. म्हणजे गळती मीटर आणि भिंत यांच्यामध्ये, अंगणाखाली होती. व्हॉल्व्ह जुना असेल, तर तो पूर्ण बंद होत नाही आणि आपण फसतो. म्हणून त्यांनी स्वयंपाकघराचा नळ उघडून पाहिला. पाइपात उरलेले पाणी आले आणि मग धार पूर्ण थांबली. व्हॉल्व्ह चांगला होता. त्यांचा निष्कर्ष बरोबर होता.

सकाळी प्लंबर आला. पण बारा मीटर अंगण कुठे खणायचे? तो म्हणाला, “रात्री रहदारी थांबली, की येतो.” रात्री त्याने एक लोखंडी सळई पाइपाच्या रेषेवर जागोजागी जमिनीत थोडी रोवली आणि तिच्या वरच्या टोकाला कान लावला. जुन्या गटाराजवळ त्याला ‘सस्स’ असा बारीक, सलग आवाज ऐकू आला. दुसऱ्या दिवशी तिथेच खणले.

पाइपाच्या जोडावर एक बारीक भोक पडले होते. लोखंडाला गंज लागू नये म्हणून अशा पाइपावर जस्ताचा थर असतो. पण जोडासाठी आटे पाडताना तो थर कापला जातो. म्हणून ओल्या मातीत जोडाजवळ गंज लवकर लागतो. भोकातून निघणारे पाणी वर न येता शेजारच्या गटारात उतरत होते. म्हणूनच अंगण कोरडे होते.

अम्मीच्या बादलीचेही कोडे सुटले. पाइपात दाब असतो, तेव्हा भोकातून पाणी बाहेर जाते. पण पाणीपुरवठा बंद झाला, की दाब संपतो. मग त्याच भोकातून गटाराचे पाणी पाइपात शिरते. पाणी पुन्हा सुरू झाले, की तीच घाण पहिल्या बादलीत येते. कावीळ, हगवण, विषमज्वर यांचे जंतू अशाच वाटेने घरात येऊ शकतात. बिलातल्या १५ युनिटांपेक्षा ही गोष्ट कितीतरी अधिक गंभीर होती. जोड बदलून झाल्यावर त्यांनी सुरुवातीचे गढूळ पाणी सोडून दिले, टाकी धुतली आणि काही दिवस पिण्याचे पाणी उकळले. त्या रात्री ११ ची आणि पहाटे ५ ची नोंद सारखीच आली.

तुमच्या गावी पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर ही परीक्षा पाणी सुरू असतानाच करा. पाइप रिकामा असताना मीटर थांबलेलाच असतो आणि त्यावरून काहीच कळत नाही. पाणी येण्याच्या सुरुवातीला पाइपातली हवा मीटरमधून जाते आणि हवेनेही काटा फिरतो. म्हणून धार स्थिर झाल्यावर सगळे नळ बंद करून अर्धा तास मीटर पाहा. अशा गावांत लहान गळतीने बिल फारसे वाढत नाही. पण तिथे पाइप रोज रिकामा होतो आणि घाण आत शिरण्याची भीती रोजच असते.

मीटरलाही मर्यादा आहेत. थेंबथेंब गळती इतकी हळू असते, की त्याचे चक्र हलतही नाही. मीटरच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला पाइप फुटला, तर ते पाणी मीटरमध्ये येतच नाही. त्याची खबर नगरपालिकेला द्यावी. जमिनीतला हौद झिरपत असेल, तर तेही असे कळत नाही. त्यासाठी हौदात येणारे आणि हौदातून जाणारे पाणी रात्रभर बंद ठेवावे. पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ ओढावी आणि सकाळी पाणी रेघेखाली गेले का ते पाहावे. मीटरचे सील मात्र कधीही तोडू नये.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एक घनमीटर म्हणजे किती लीटर?
(आ) प्लंबरने गळतीची जागा कशी शोधली?

२. कारणे लिहा.
(अ) परीक्षेपूर्वी टाकीकडे जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद केला.
(आ) पाइप फुटूनही अंगण कोरडे होते.
(इ) पाणी बंद होऊन पुन्हा आले, की पहिली बादली गढूळ येई.

३. रात्री ११ वाजता मीटरची नोंद २१५.६७० होती. पहाटे ४ वाजता ती २१५.७७० झाली. तासाला किती लीटर पाणी गेले?

४. घरातील मोठ्या माणसांबरोबर तुमच्या मीटरच्या रात्रीच्या आणि पहाटेच्या नोंदी घ्या आणि त्या वहीत लिहा.