काकूंनी न सांगितलेल्या तीन गोष्टी

चि. सई हिस,


नाशिकच्या तुझ्या चाल-धाव गटात आता साठी ओलांडलेल्या बायकाही यायला लागणार, हे वाचून बरं वाटलं. त्यांच्यासाठी वेळापत्रक वेगळं हवं का, असं तू विचारलं आहेस. वेळापत्रक शेवटी देते. आधी आमच्या कोथरूडच्या गटातल्या एका काकूंची गोष्ट वाच. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही.

काकू त्रेसष्ट वर्षांच्या. बँकेतून निवृत्त, दोन मुलं परदेशी, आणि आयुष्यात बसच्या मागे सोडून कशाच्याही मागे न धावलेल्या. समोरच्या इमारतीतल्या मैत्रिणीने ओढून आणलं म्हणून त्या पहाटे मैदानावर आल्या. गट चालवणारा मुलगा तिशीचा, उत्साही आणि मनाने चांगला. त्याने त्यांना योग्य तेच दिलं होतं. दहा मिनिटं भरभर चालायचं, मग तीस सेकंद हलकं धावायचं आणि नव्वद सेकंद चालायचं, असं आठ वेळा. शेवटची दहा मिनिटं पुन्हा सावकाश चाल. हिशेब केलास तर सगळं मिळून धावणं फक्त चार मिनिटं होतं.

ही पद्धत नवी नाही. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला अमेरिकन धावपटू जेफ गॅलोवे 1974पासून नवख्यांना अशीच शिकवत आला. तिची खरी खुबी लोक विसरतात. चालण्याची पाळी दम लागल्यावर घ्यायची नसते, दम लागण्याआधीच घ्यायची असते. पहिल्याच फेरीत, अगदी ताजेतवाने असतानाही, तीस सेकंद झाले की चालायचं. काकूंना हे पटेना. “अजून धावू शकते की मी!” असं त्या म्हणत, आणि मुलगा कौतुकाने हसे.

पहिली गडबड घड्याळामुळे झाली. सुनेने पाठवलेलं हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ काकूंच्या हातात होतं. गट चालवणाऱ्या मुलाने नेहमीचं सूत्र लावलं. 220मधून वय वजा करायचं, म्हणजे त्रेसष्टाव्या वर्षी कमाल ठोके 157. काकूंचे ठोके धावताना 108च्या आसपासच होते. त्याला वाटलं, बाई अजून आरामात आहेत. “काकू, थोडा वेग वाढवा,” तो म्हणाला. काकूंनी वाढवला. शेवटच्या फेरीनंतर त्या जागीच थांबल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

काकू रक्तदाबासाठी अॅटेनोलॉल घेत होत्या. हे औषध बीटा-ब्लॉकर गटातलं. ते हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाही, मग माणूस कितीही धापा टाको. घड्याळ 108 दाखवत होतं तेव्हा काकूंना दोन शब्दही धड बोलता येत नव्हते. 220चं सूत्र तसंही ढोबळच. 2001 साली तनाका आणि सहकाऱ्यांनी सुचवलेलं दुसरं सूत्र, 208मधून वयाच्या सात दशांश वजा करण्याचं, काकूंसाठी 164 देतं. पण गोळी चालू असेल तर दोन्ही सूत्रं निरुपयोगी. अंधारी येण्याचं कारण वेगळं होतं. धावताना पायांच्या स्नायूंकडे भरपूर रक्त गेलेलं असतं, आणि पाय हलत असतात तोवर तेच स्नायू ते रक्त वर ढकलत राहतात. माणूस एकदम थांबला की रक्त पायांतच साचतं आणि दाब उतरतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. म्हणून शेवटची सावकाश चाल घाई असली तरी टाळायची नाही.

गोळीबद्दल काकूंनी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. “काही त्रास आहे का?” एवढं विचारलं होतं, आणि त्रास तर नव्हता! गोळीमुळेच नव्हता. तेव्हा तू “रोज कुठल्या गोळ्या घेता?” असंच विचार. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांपैकी काही असेल तर धावण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून येऊ दे. तोवर त्या चालतील. आणि घड्याळाऐवजी बोलण्याची कसोटी लाव. धावतानाच विचार, “आज डब्याला काय केलं?” पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर वेग बरोबर. “भाजी… पोळी…” असं तुटक आलं तर वेग कमी करायला सांग. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप किंवा चक्कर असेल, तर त्या दिवशीचं धावणं तिथेच संपलं आणि डॉक्टरांकडे जायचं, घरी जाऊन पडायचं नाही.

यानंतर काकू रुळल्या. महिन्याभरात तीस सेकंदांचं एक मिनिट झालं, जिना चढताना धाप लागेनाशी झाली, आणि इथेच दुसरी गोष्ट घडली. गट आठवड्यातून तीन दिवस जमायचा, काकूंनी मधल्या दिवशी वेताळ टेकडी चढायला सुरुवात केली. मैदानावरही त्या सलग तीन-चार मिनिटं धावू लागल्या. त्याच सुमारास कोणीतरी बारामतीच्या लता भगवान करे यांच्यावरचा चित्रपट पाहून आलं होतं. साठी उलटल्यावर, नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून, नऊवारी नेसून अनवाणी स्पर्धेत धावलेल्या आणि जिंकलेल्या बाई त्या. “मग आपल्याला काय झालंय?” असं काकू म्हणाल्या.

लताबाईंनी जन्मभर शेतात मजुरी केली होती. त्यांच्या पायांची तयारी चाळीसएक वर्षांची होती, काकूंची महिन्याभराची. शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. हृदय, फुप्फुसं आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, म्हणून माणसाला आपण तयार झालो असं वाटतं. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेला मात्र रक्तपुरवठा कमी आणि तिची झीज भरून निघण्याचा वेगही मंद, त्यामुळे तिला महिने लागतात. चालताना पायावर शरीराच्या वजनाहून थोडाच जास्त भार येतो, हलकं धावताना तो दोन-अडीच पट होतो, आणि टाचेमागच्या कंडरेवरचा ताण तर त्याहून कितीतरी जास्त असतो. दम टिकतोय म्हणून वाढवलेलं प्रत्येक मिनिट या कंडरेच्या खात्यातून जातं.

काकूंची डावी टाच सकाळी उठल्यावर पहिल्या दहा-बारा पावलांना आखडू लागली. मग सैल व्हायची. धावायला लागल्यावर तर दुखणं गायबच व्हायचं, म्हणून त्यांना वाटलं, धावणंच औषध आहे. दुसऱ्या सकाळी टाच आदल्या दिवसापेक्षा जास्त आखडलेली. कंडरा दुखावल्याची ही ठरलेली खूण आहे. धावताना ती लपते, दुसऱ्या दिवशी सकाळी खरं बोलते. त्यामुळे मैदानावर “दुखतंय का?” विचारून काही कळत नाही. “आज सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली पावलं कशी पडली?” हे विचारायचं. परवापेक्षा वाईट असेल तर धावणं कमी, तसंच असेल तर आहे तेवढंच, बरं असेल तर पुढे.

काकू लंगडायला लागल्यावर माझ्याकडे आल्या. पूर्ण विश्रांती मी दिली नाही, कारण विश्रांतीने दुखणं थांबतं पण कंडरा आणखी कमकुवत होते. धावणं बंद, सपाटीवरचं चालणं चालू, टेकडी बंद. जोडीला टाचा उचलण्याचा व्यायाम. ओट्याला हात टेकवून दोन्ही टाचा उचलायच्या, मग भार दुखऱ्या पायावर घेऊन सावकाश खाली यायचं. पंधराचे तीन संच. त्यांचं दुखणं टाचेच्या हाडापासून दोन बोटं वर होतं, म्हणून पुढे जिन्याच्या पायरीच्या कडेला उभं राहून टाच पायरीखाली नेणंही चाललं. दुखणं अगदी हाडाला चिकटून असतं तर हा व्यायाम जमिनीवरच ठेवला असता, कारण पायरीखाली टाच गेली की कंडरा हाडावर दाबली जाते. बरं व्हायला तीन महिने लागले. काकू वैतागल्या, पण रोज भाताचा कुकर लावला की ओट्याशी टाचा उचलायच्या, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आता तिसरी गोष्ट, जी त्यांनी सगळ्यांत उशिरा सांगितली, तीही दुसरं कोणी खोलीत नसताना. टाच बरी झाल्यावरही त्या मैदानावर यायला टाळाटाळ करत होत्या. कधी पाहुणे, कधी पाऊस. आल्या तरी धावण्याच्या पाळीत बुटाची नाडी बांधत बसायच्या. मुलाला वाटलं, उत्साह संपला. खरं कारण असं की धावताना लघवीचे थेंब गळत होते. म्हणून त्यांनी आदल्या रात्रीपासून पाणी पिणंच बंद केलं होतं. हे आणखी घातक, कारण घट्ट लघवीने मूत्राशय जास्त चिडतं, आणि रक्तदाबाची गोळी घेऊन कोरड्या अंगाने धावलं की पुन्हा अंधारी येणार.

बाळंतपणं आणि पाळी थांबल्यानंतरचे बदल यांमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होतात. धावताना प्रत्येक पावलाला त्यांच्यावर झटका बसतो. हे खूप बायकांना होतं, आणि बहुतेकींना ते वयाचं देणं वाटतं. वारा आणि लघवी एकदम रोखून धरल्यासारखं आत-वर आवळायचं, श्वास न रोखता पाच-सहा सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सोडायचं. असं आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मधेच थांबवून मात्र सराव करायचा नाही. जमतंय की नाही हे स्वतःला कळत नसेल तर या कामाची जाणकार फिजिओथेरपिस्ट गाठायची. लघवीत रक्त, जळजळ किंवा अंग खाली उतरल्यासारखं वाटत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ.

हे तू सगळ्यांसमोर विचारू नकोस. पहिल्या दिवशी बायकांना बाजूला घेऊन स्वतःच सांग, “धावताना थेंब गळणं पुष्कळ जणींना होतं, त्याला व्यायाम आहे, मला निरोप टाका.” मैदानाजवळ स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते पहाटे उघडं असतं का, हे आधी बघून ये.

काकू आता एक मिनिट धावतात, एक मिनिट चालतात, अशा दहा फेऱ्या करतात. पुढे वाढवायचं का, हे त्या सकाळच्या पहिल्या पावलांवरून ठरवतात. टेकडी रविवारी, तीही चालत.

तुझ्या गटासाठी वेळापत्रक असं ठेव. पहिले दोन आठवडे नुसती भरभर चाल, तिसऱ्यापासून तीस-नव्वदच्या सहा फेऱ्या, पाचव्यापासून आठ. दोन धावण्यांमध्ये एक दिवस मोकळा. एका वेळी एकच गोष्ट वाढव, एक तर धावण्याचे सेकंद नाही तर फेऱ्या, आणि प्रत्येक वाढीनंतर दोन आठवडे थांब. टाचा उचलणं पहिल्या दिवसापासून, सगळ्यांनी मिळून, चालण्याआधी. एका पायावर तोल सांभाळून उभं राहणंही त्यातच घाल. कोणाची गोळी कुठली हे तुझ्या वहीत लिहून ठेव, गटाच्या निरोपांत टाकू नकोस. पहिल्या दिवशी कोण कोण आलं, ते कळव. टाचेचं कोणाचं काही निघालं तर दुखण्याची नेमकी जागा बोटाने दाखवायला सांग आणि फोटो पाठव.

तुझी,
आत्या