एकाच वाटीतलं उटणं

वैशाखात चिखलीला भाचीची हळद होती. मांडव अंगणात, ऊन चाळिशीच्या पार. "लिंबू पिळलं की रंग उजळते," म्हणत एका मावशींनी बेसन-हळदीत दोन लिंबं पिळली. नवरीला उटणं लागलं आणि वाटीत उरलेलं तिच्या बहिणीच्या तीन महिन्यांच्या बाळाला.

दोन दिवसांनी नवरीच्या हातावर आणि मानेवर ओघळाच्या आकाराचे लाल पट्टे उठले, पुढे ते काळपट पडले. सगळ्यांनी हळदीला दोष दिला. त्वचेच्या डॉक्टरांनी मात्र ओघळ पाहताच लिंबाचं नाव घेतलं. लिंबाच्या सालीत नि रसात असं द्रव्य असतं, की ते अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते. त्रास उशिरा दिसतो, म्हणून कारण लक्षात येत नाही. डाग जायला कित्येक आठवडे लागतात. लग्नाच्या फोटोत ते तसेच आहेत. उटण्यात खायचा सोडाही नको: त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी, सोडा तिला कोरडी करतो.

बाळाचं वेगळं झालं. लव जावी म्हणून सुकलेलं बेसन चोळून काढलं आणि मानेच्या, जांघेच्या घड्यांत ते अडकून राहिलं. तिथली कातडी सोलवटली. जन्माची लव काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप झडते, चोळून जात नाही. तान्ह्याची त्वचा पातळ असते. तडकलेल्या जागेतून डाळीची प्रथिनं आत गेली तर पुढे त्या डाळीची ॲलर्जी होण्याचा धोका असतो. म्हणून तान्ह्याला उटणं नकोच. शास्त्रापुरतं बोट टेकवायचं असेल तर पायाला, आणि लगेच धुवायचं. उटण्यात कापूर असेल तर तेवढंही नको. कापूर बाळाला विषारी ठरू शकतो.

हळद कुठली, हेही पाहा. भडक पिवळेपणासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा रंग, वापरला जातो, कधी हळकुंडांना पॉलिश करतानाच. त्यामुळे 'घरी दळली' एवढ्यावर भागत नाही. फार चकचकीत हळकुंड मी घेत नाही. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवा. चांगली हळद तळाशी बसते, पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद झालं तर ती हळद टाकून द्या. थोडी भेसळ मात्र या चाचणीत सापडत नाही. बाळ बोटं तोंडात घालतं, तेव्हा शिशाचा धोका त्याला जास्त.

आता आमच्याकडे नवरीसाठी दोन मोठे चमचे चाळलेलं बेसन, चिमूटभर हळद, भिजेल एवढं दूध, बस्स. लग्नाच्या आठ दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहतो, कारण हळदीचीही ॲलर्जी असते. वॅक्सिंग केलं त्या दिवशी लावत नाही. सुकू न देता पाणी लावून काढतो. आणि मांडवात लिंबू दिसलं की ते सरबताकडे पाठवतो.