‘डिस्कस अबाउट’ कुठून येतं? ऑफिसच्या मेलमधले चार शब्द

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ऑफिसच्या मेलमधली प्रीपोझिशन्स घेतली. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून तोच विषय इथे जरा निवांतपणे बघू. एक छोटा मेल घेऊ आणि तो नीट करू. समजा, तुमचा पुठ्ठ्याचे बॉक्स बनवायचा छोटा कारखाना आहे आणि ग्राहक कंपनीच्या खरेदी विभागाला तुम्ही हा मेल पाठवताय:

“डिअर सर, वुई डिस्कस्ड अबाउट द रेट ऑन फोन. अवर न्यू बॉक्स इज डिफरन्ट दॅन द सॅम्पल. प्लीज रिप्लाय ऑन माय मेल. वुई विल डिस्पॅच ५०० बॉक्सेस टिल फ्रायडे.”

चार वाक्यं, प्रत्येकात प्रीपोझिशनची एक चूक. पहिल्या तीन चुकांनी फार काही बिघडत नाही, समोरच्याला अर्थ कळतो. चौथी मात्र महाग पडू शकते. तिच्याकडे शेवटी येऊ.

आधी ‘डिस्कस अबाउट’. ही चूक इतकी का होते? कारण आपण मराठीत विचार करतो, आणि मराठीत ‘डिस्कस’ला एका शब्दाचं क्रियापद रोजच्या वापरात नाही. आपण ‘चर्चा करणे’ म्हणतो. म्हणजे एक नाम आणि पुढे ‘करणे’. मग नाम आलं की त्याला ‘कशाबद्दल?’ हा प्रश्न चिकटतोच: रेटबद्दल चर्चा केली. तो ‘बद्दल’ आपण उचलतो आणि इंग्रजीत ‘अबाउट’ म्हणून ठेवून देतो. पण ‘डिस्कस’ या एका शब्दातच ‘बद्दल चर्चा करणे’ एवढं सगळं आलेलं आहे. पुन्हा ‘अबाउट’ लावलं तर ते दोनदा होतं.

गंमत बघा, हाच ‘अबाउट’ नामाला लावला की एकदम बरोबर. ‘वुई हॅड अ डिस्कशन अबाउट द रेट’ यात काहीच चूक नाही. म्हणजे नियम असा: ‘डिस्कशन’ला ‘अबाउट’ चालतं, ‘डिस्कस’ला नाही. ‘रिक्वेस्ट’ आणि ‘ऑर्डर’ यांची तर आणखी पंचाईत, कारण तिथे नाम आणि क्रियापद दिसायला एकच. ‘अवर रिक्वेस्ट फॉर पेमेंट’ बरोबर, कारण इथे रिक्वेस्ट नाम आहे. ‘वुई रिक्वेस्ट फॉर पेमेंट’ चूक, कारण इथे ते क्रियापद आहे. ‘अवर ऑर्डर फॉर ५०० बॉक्सेस’ ठीक, पण ‘वुई ऑर्डर्ड फॉर ५०० बॉक्सेस’ नको. सरळ ‘वुई ऑर्डर्ड ५०० बॉक्सेस’ लिहा. ओळखायचं कसं? शब्दाच्या आधी ‘अवर’, ‘अ’ किंवा ‘द’ असेल तर ते बहुतेक वेळा नाम असतं, प्रीपोझिशन राहू द्या. आधी ‘वुई’, ‘आय’ असा कर्ता असेल तर ते क्रियापद, प्रीपोझिशन काढा.

पण हे सगळ्याच क्रियापदांना लावत सुटू नका. ‘टॉक अबाउट’, ‘एन्क्वायर अबाउट’ ही बरोबर आहेत, तिथलं ‘अबाउट’ काढलंत तर उलट वाक्य मोडेल. आणि ‘डिस्कस’नंतर माणूस येत असेल तर ‘विथ’ लागतंच: ‘आय वॉन्ट टू डिस्कस द रेट विथ यू.’ विषयाला काही नाही, माणसाला ‘विथ’.

आता ‘रिप्लाय ऑन’. मराठीत आपण दोन्ही म्हणतो, ‘मेलवर रिप्लाय कर’ आणि ‘मेलला रिप्लाय दे’. इंग्रजी लिहिताना दुसरं वाक्य मनात म्हणायचं. ‘ला’ म्हणजे ‘टू’. ‘प्लीज रिप्लाय टू माय मेल.’ झालं काम. ‘ऑन’ कधी येतं? ज्या साधनावर किंवा ज्या दिवशी उत्तर द्यायचं ते सांगताना: ‘रिप्लाय ऑन व्हॉट्सॲप’, ‘विल रिप्लाय ऑन मंडे’. हे अगदी बरोबर आहे, ते खोडू नका. काही जण घाबरून ‘रिप्लाय माय मेल’ लिहितात, तेही चूक. ‘टू’ नकोच असेल तर ‘आन्सर’ वापरा: ‘प्लीज आन्सर माय मेल’.

‘डिफरन्ट दॅन’चा दोष आपल्या ‘पेक्षा’चा. ‘सॅम्पलपेक्षा मोठा’ आणि ‘सॅम्पलपेक्षा वेगळा’, आपल्याला दोन्हीकडे ‘पेक्षा’च पुरतो. इंग्रजीत मोठा-छोटा, स्वस्त-महाग अशी तुलना असेल तर ‘दॅन’, म्हणजे ‘बिगर दॅन’, ‘चीपर दॅन’. वेगळेपणाला ‘फ्रॉम’. मात्र अमेरिकन लोक ‘डिफरन्ट दॅन’ सर्रास लिहितात आणि ब्रिटनमध्ये ‘डिफरन्ट टू’ही ऐकू येतं. तेव्हा तुमच्या अमेरिकन ग्राहकाने ‘दॅन’ लिहिलं तर त्याला शिकवायला जाऊ नका! आपण ‘फ्रॉम’ लिहावं, ते कुठेही खटकत नाही. पुढे पूर्ण वाक्य येणार असेल तर मध्ये ‘व्हॉट’ घाला: ‘डिफरन्ट फ्रॉम व्हॉट वुई अग्रीड’.

माझ्या मते इथे प्रीपोझिशनपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. बॉक्स वेगळा आहे म्हणजे कशात वेगळा? ते मेलमध्ये नाहीच. ‘फ्रॉम’ बरोबर लिहिलंत तरी खरेदीवाला फोन करून विचारणारच.

आता ती चौथी, महागाची. ‘डिस्पॅच टिल फ्रायडे.’ इथेही तीच गोष्ट: मराठीत एक ‘पर्यंत’, इंग्रजीत दोन शब्द. काम एका मुदतीच्या आत पूर्ण व्हायचं असेल तर ‘बाय’. काम त्या दिवसापर्यंत चालूच राहणार असेल तर ‘टिल’. म्हणून ‘द रेट इज व्हॅलिड टिल फ्रायडे’ बरोबर, कारण रेट रोज लागूच आहे. पण ‘डिस्पॅच टिल फ्रायडे’ काटेकोर वाचलं तर अर्थ निघतो की शुक्रवारपर्यंत माल थोडा थोडा निघत राहील. एखादा खरेदीवाला तो तसाच घेऊन बुधवारी विचारेल, “पहिला लॉट कुठाय?” आणि तुमचा मेल त्याच्याकडे लेखी असतो. ‘बाय फ्रायडे’ लिहा. त्यात शुक्रवार धरलेला असतो, पण सकाळ की संध्याकाळ हे कळत नाही, म्हणून वेळही टाका.

तर मेल आता असा होईल:

“डिअर सर, वुई डिस्कस्ड द रेट ऑन द फोन. अवर न्यू बॉक्स इज डिफरन्ट फ्रॉम द सॅम्पल: इट इज फाइव्ह प्लाय, द सॅम्पल वॉज थ्री प्लाय. प्लीज रिप्लाय टू धिस मेल. वुई विल डिस्पॅच ५०० बॉक्सेस बाय ५ पीएम ऑन फ्रायडे.”

ठरलेला रेटही आकड्यात लिहिलात तर उत्तम, फोनवरचं बोलणं दोघं वेगवेगळं लक्षात ठेवतात.

तुमच्या हातून यातलं काय होतं ते बघायचंय? जीमेलच्या सर्च बॉक्समध्ये हे टाका, अवतरणचिन्हांसकट:

```
in:sent "discuss about"
```

मग तसंच `"discussed about"`, `"reply on"` आणि `"different than"` वेगवेगळं शोधा, कारण अवतरणात टाकलं की जीमेल तोच शब्दक्रम बघतं. ‘रिप्लाय ऑन’च्या यादीत व्हॉट्सॲपवाले बरोबर मेलही येतील, ते सोडून द्या. आणि एखादं वाक्य तुमचं नसून खाली जोडलेल्या ग्राहकाच्या जुन्या मेलमधलं असू शकतं, तेवढं बघून घ्या. पुढच्या व्हिडिओत ‘बाय’ आणि ‘टिल’वर आणखी मेल सोडवू.