चाळीसपुढची एकोणीस मिनिटं

पेस बँड दुसऱ्याच्या हातचा बांधू नका. बांधायचाच असेल, तर आधी त्याची शेवटची ओळ तपासा. मी हे रागाने लिहितेय आणि तो राग अजून गेलेला नाही.

माझं लक्ष्य साडेचार तासांचं होतं. त्यासाठी किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंदांचा पेस लागतो आणि सगळे लाँग रन मी त्याच हिशेबाने केले होते. मुंबई मॅरेथॉनच्या आधी आमच्या ग्रुपच्या कोचनी सर्वांना छापील बँड वाटले. "घड्याळाकडे बघू नका, बँडकडे बघा," असं त्यांनी बजावलं. सल्ला म्हणून ते बरोबरच आहे. अधिकृत अंतर रस्त्याच्या सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेलं असतं. आपण गर्दीतून वळणं घेत जास्त धावतो आणि उंच इमारतींमध्ये जीपीएसही भरकटतं. म्हणून घड्याळाचा किलोमीटर पाटीच्या आधीच वाजतो आणि पेस असतो त्याहून वेगवान दिसतो. त्या पहाटे घड्याळ ६:१२, ६:१३ दाखवत होतं, पण प्रत्येक पाटीपाशी बँड मला वेळेवर ठरवत होता. मी बँडचं ऐकलं.

तिसाव्या किलोमीटरला बँडवर ३:०८:०० होतं आणि मी अगदी वेळेत होते. परतीच्या पेडर रोडच्या चढावर पाय संपले. चाळिसाची पाटी आली तेव्हा वेळ कधीच हातची गेली होती. तिथे चालता चालता मनगट वर केलं. चाळिसापुढे ४:१०:४० आणि शेवटी ४:३०:००. उरलेल्या सव्वादोन किलोमीटरहूनही कमी अंतराला तब्बल १९ मिनिटं २० सेकंद! माझ्या पेसने त्याला १४ मिनिटं लागतात. ती जादा पाच मिनिटं आधीच्या चाळीस किलोमीटरांतून काढून घेतली होती, माझ्या पायांतून.

घरी आल्यावर उलगडा झाला. ६:२४ हा पेस कॅल्क्युलेटरवर ६.२४ असा टाकून पाचने गुणला होता. उत्तर आलं ३१.२०, ते ३१ मिनिटं २० सेकंद समजून पुढे मिळवत नेलं. मिनिट साठ सेकंदांचं असतं, शंभरचं नाही. खरं उत्तर ३२ मिनिटं. दर पाच किलोमीटरला ४० सेकंद जास्त वेगाने, म्हणजे ६:१६च्या पेसने, आम्हाला पळवलं गेलं. कोचना हे दाखवलं तर म्हणाले, "तिसापर्यंत आलातच की वेळेवर. पुढे सराव कमी पडला." माझा सराव ६:२४चा होता, सर. तो तुम्हीच घेतला होता.

आता बँड कसा करायचा ते सांगते. पेसपासून सुरुवात करूच नका, शेवटच्या वेळेपासून करा. स्प्रेडशीटमध्ये B1 मध्ये `4:30:00` लिहा, A2 पासून खाली 5, 10, 15 असं 40 पर्यंत आणि शेवटी 42.195. B2 मध्ये हे लिहून खाली ओढा आणि B स्तंभाला `h:mm:ss` फॉरमॅट द्या:

```
=$B$1*A2/42.195
```

साडेचार तासांसाठी पाचला ३२:००, दहाला १:०३:५९, विसाला २:०७:५९, तिसाला ३:११:५८ आणि चाळिसाला ४:१५:५७ यायला हवं. भागाकार ४२ ने करू नका. वरच्या १९५ मीटरचा सव्वा मिनिट तुम्हाला शेवटी भरावा लागतो. गोल केलेल्या आकड्यांची बेरीजही नको. प्रत्येक ओळ मूळ वेळेवरूनच काढा. मग शेवटच्या ओळीतून चाळिसाची वजा करा. जे उरेल ते तुमच्या पेसने २.१९५ किलोमीटरला लागणाऱ्या वेळेइतकंच हवं. ही एवढी वजाबाकी कुणी केली असती तर आमची मॅरेथॉन वाचली असती.

ही वेळ तुम्ही स्टार्टची मॅट ओलांडल्यापासूनची आहे. घड्याळ तिथेच सुरू करा. रस्त्यावरच्या मोठ्या घड्याळात स्पर्धा सुरू झाल्यापासूनची वेळ असते, तिच्याशी बँड जुळणार नाही. आकडे मोठे आणि ठळक छापा, पहाटे अंधार असतो. इंकजेटची शाई घामाने आणि डोक्यावर ओतलेल्या पाण्याने पसरते, म्हणून लेझर प्रिंट किंवा बॉलपेन वापरा. दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावताना ती कागदाच्या कडेबाहेर थोडी जाऊ द्या, नाहीतर पाणी कडेतून आत शिरतं. आदल्या लाँग रनला बांधून बघा.

पेडर रोडसारख्या चढावर समान पेसचा बँड तुम्हाला मागे दाखवेल. तिथे घाबरून धावू नका, पुढच्या पाचाच्या पाटीपर्यंत थांबा. आणि ग्रुपमधून बँड मिळालाच, तर तो तुमच्या शीटशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. आमच्याकडे अजून तीच जुनी फाइल छापली जाते.